वार्षिक बजेट सादरीकरण: एका स्लाइडवर एक मुद्दा

येत्या आर्थिक वर्षाचा खर्च वरिष्ठ व्यवस्थापनाकडून मंजूर करून घेण्यासाठी केलेल्या स्लाइड्सची ही एक मांडणी आहे. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असेल, तर हे काम साधारणपणे जानेवारी ते मार्चमध्ये चालते. या पद्धतीत स्लाइडचा मथळा हे पूर्ण विधान असते आणि खालचा आलेख तेवढेच दाखवतो. ‘खर्चाचा आढावा’ हे नुसते लेबल झाले. मथळा ‘आणि’ घातल्याशिवाय पुरा होत नसेल, तर बहुधा दोन स्लाइड्स लागतात.

समजा, सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा यंदाचा खर्च ४२ कोटी आहे आणि पुढच्या वर्षासाठी ४७.५ कोटी हवे आहेत. पगारवाढीचे १.८, विजेचे १.२ आणि नव्या लाइनचे ३ कोटी वाढतात; पॅकिंगमध्ये ०.५ कोटी वाचतात. मथळा होतो: ‘साडेपाच कोटींच्या वाढीत तीन कोटी नव्या लाइनचे’. खाली वॉटरफॉल आलेख येतो: डावीकडे ४२ चा खांब, मधे चार पायऱ्या, उजवीकडे ४७.५. पॉवरपॉइंटमध्ये शेवटच्या खांबावर राइट-क्लिक करून `Set as total` निवडावे लागते. ते राहिले, तर ४७.५ ही आणखी एक वाढ समजली जाते आणि खांब ९५ पर्यंत चढतो.

पुढची स्लाइड फक्त नव्या लाइनची. ती जुलैत सुरू होणार असेल, तर तीन कोटी नऊ महिन्यांचेच आहेत. खर्च दरमहा सारखा धरला, तर त्यापुढच्या पूर्ण वर्षाला चार कोटी लागतील. हे मथळ्यातच सांगावे, कारण वर्षभराने हा जादा कोटी अचानक समोर आला की आधीच्या आकड्यांवरही शंका घेतली जाते. लाइन तीन महिने पुढे ढकलली तर याच हिशेबाने एक कोटी वाचतो. कपात सुचवणाऱ्याला नेमका हाच आकडा हवा असतो.

बैठक सर्वांत जास्त अडते ती आधारावर. मार्च संपलेला नसल्याने यंदाचे ४२ कोटी म्हणजे नऊ महिन्यांचा प्रत्यक्ष खर्च अधिक तीन महिन्यांचा अंदाज. हे पहिल्या खांबाखाली लिहिलेले नसेल, तर कोणी गेल्या वर्षी मंजूर झालेले बजेट समोर धरतो आणि ‘हे ४२ कुठून आले?’ यातच वीस मिनिटे जातात.

विभागवार तक्ते परिशिष्टात ठेवतात. प्रश्न आला तरच ते उघडायचे. एक्सेलमधून जोडलेले आलेख मात्र आदल्या दिवशी तपासावेत. आयत्या वेळी आकडा बदलला की आलेख नवा आकडा दाखवतो, पण हाताने टाइप केलेला मथळा जुनाच राहतो. तपासण्यासाठी नुसते मथळे ओळीने वाचावेत. मागणी, तिची कारणे आणि हवा असलेला निर्णय त्यातूनच कळत नसेल, तर एखादी स्लाइड चुकीच्या जागी आहे किंवा राहून गेली आहे.