सार्वजनिक वाय-फाय आणि एचटीटीपीएस

कॅफे, रेल्वे स्थानक, मॉल अशा ठिकाणी येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही वापरता येणारे इंटरनेट म्हणजे सार्वजनिक वाय-फाय. त्यात दोन वेगळे धोके आहेत. एक म्हणजे आपली माहिती वाटेत कोणी वाचणे, आणि दुसरा म्हणजे ते वाय-फायच बनावट असणे. पहिल्या धोक्यावर एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातले बोलणे इतरांना वाचता येणार नाही असे कूटबद्ध करणारी पद्धत, हा भक्कम उपाय आहे. दुसऱ्या धोक्यात मात्र ते बरेच काही वाचवते, पण सगळे नाही.

ठाणे स्थानकात फलाट ९ किंवा १० वर पनवेल गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाचे उदाहरण घेऊ. फोनच्या यादीत त्याला `Station Free WiFi` असे नाव दिसते. वाय-फायचे नाव कोणाच्या मालकीचे नसते. शेजारच्या बाकावरचा माणूसही लॅपटॉपवरून तेच नाव लावू शकतो, आणि पूर्वी जोडलेले त्याच नावाचे खुले वाय-फाय दिसले की फोन अनेकदा न विचारताच त्याला जोडला जातो. आता या प्रवाशाची सगळी ये-जा त्या लॅपटॉपमधून होते.

प्रवासी आपल्या बँकेचे संकेतस्थळ उघडतो. समजा, तो पत्ता असा आहे:

```
https://bank.example/khate/shillak
```

लॅपटॉपवाल्याला यातले फक्त `bank.example` कळते, कारण जोडणी सुरू होताना संकेतस्थळाचे नाव सहसा उघडेच पाठवले जाते. किती वाजता, किती वेळ आणि किती डेटा गेला हेही त्याला दिसते. पत्त्याचा पुढचा भाग, पासवर्ड आणि शिल्लक मात्र कूटबद्ध असते. तो स्वतःच बँक असल्याचे भासवायला गेला, तर ब्राउझर त्याच्याकडे बँकेच्या संकेतस्थळाची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र आणि त्याला जुळणारी गुप्त किल्ली असल्याचा पुरावा मागतो. ती किल्ली त्याच्याजवळ नसते, म्हणून डाव तिथेच फसतो. केवळ नाव कळणे हीदेखील किरकोळ गोष्ट नव्हे. एखाद्या आजाराच्या रुग्णालयाचे किंवा नोकरी शोधण्याच्या संकेतस्थळाचे नावच पुष्कळ काही सांगून जाते.

हे संरक्षण पूर्वी इतके सार्वत्रिक नव्हते. २०१० मध्ये आलेल्या फायरशीप या, फायरफॉक्स ब्राउझरमध्ये बसवायच्या छोट्या प्रोग्रामने खुल्या वाय-फायवरच्या लोकांची लॉगिन केलेली खाती एका क्लिकमध्ये वापरता येतात हे दाखवून दिले. अनेक संकेतस्थळे तेव्हा फक्त लॉगिनचे पान एचटीटीपीएसने देत आणि पुढची पाने उघडीच ठेवत. त्याआधी, २००९ मध्ये, सुरक्षा संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी आणखी एक फट दाखवली होती. पत्ता नुसता टाइप केला की ब्राउझर आधी साध्या एचटीटीपीने विचारणा करी. मधला माणूस ती तिथेच अडवून वापरकर्त्याशी उघड्यावर आणि बँकेशी एचटीटीपीएसने बोलत राही. यावर एचएसटीएस हा उपाय २०१२ मध्ये प्रमाणित झाला. त्यात संकेतस्थळ ब्राउझरला सांगून ठेवते की ठरावीक मुदतीपर्यंत, बहुधा वर्षभर, माझ्याकडे एचटीटीपीएसनेच यायचे. पहिल्या भेटीपूर्वी मात्र ब्राउझरला हे ठाऊक नसते. त्यासाठी काही संकेतस्थळांची नावे ब्राउझरच्या आत आधीच घालून ठेवलेली असतात.

मग बनावट वाय-फायवाल्याच्या हाती काय उरते? लॉगिनचे पान. खऱ्या वाय-फायवरही जोडल्यावर मोबाइल क्रमांक आणि ओटीपी मागणारे पान येते, त्यामुळे तसले पान पाहून कोणाला नवल वाटत नाही. बनावट पान त्याच जागी ईमेलचा पासवर्ड किंवा ‘एक रुपया भरा’ म्हणून कार्डाचा तपशील मागते. त्या पानाचा पत्ता `https://` ने सुरू होत असला तरी फरक पडत नाही. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारे कुलपाचे चिन्ह फक्त इतकेच सांगते की पत्त्यात दिसणाऱ्या नावाशी तुमचे बोलणे बंदिस्त आहे. ते नाव कोणाचे आहे हे ते सांगत नाही. प्रमाणपत्रे आता फुकट मिळतात आणि ती भामट्यांनाही मिळतात. या गैरसमजामुळेच क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचे कुलूप काढून तिथे साधे चिन्ह ठेवले.

वाशीच्या एखाद्या कॅफेत पासवर्ड काउंटरवर चिकटवलेला असला तरी मोठा फरक पडत नाही. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या सुरक्षा पद्धतीत तो पासवर्ड ठाऊक असलेला आणि तुमचा फोन जोडला जात असताना ते संदेश टिपलेला शेजारी तुमची ये-जा उलगडू शकतो. तिच्या पुढच्या डब्ल्यूपीए३ मध्ये हे जमत नाही, पण तिथेही बनावट लॉगिनपानाचा प्रश्न राहतोच.

सर्वांत घातक सवय जडते ती इशाऱ्यांबाबत. लॉगिन पूर्ण होण्याआधी एखादे एचटीटीपीएस पान उघडले, तर खरे वाय-फायही ते अडवू पाहते आणि पडद्यावर `NET::ERR_CERT_AUTHORITY_INVALID` असा इशारा येऊ शकतो. माणसे वैतागून ‘पुढे जा’ दाबतात, आणि तेच बोट मग बनावट जाळ्यावरही तसेच चालते. म्हणून लॉगिनपान हवे असेल तेव्हा साधे एचटीटीपी पान उघडावे. `http://neverssl.com` त्याच कामासाठी आहे. लॉगिननंतरही असा इशारा आला तर आधी फोनची तारीख बरोबर आहे का ते पाहावे. ती बरोबर असेल, तर वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडावे. तिथे ते विनातक्रार उघडले, तर मध्ये कोणीतरी बसले आहे असेच धरावे आणि त्या वाय-फायचे नाव फोनमधून ‘विसरा’ करून टाकावे.