हा 7 आला कुठून?

x हा 3 च्या जवळ जातो तेव्हा x² ची सीमा 9 असते. पुस्तकातली सिद्धता अशी सुरू होते: कोणताही ε > 0 दिलेला आहे, δ = min(1, ε/7) घ्या. पुढच्या चार ओळींत सगळे बिनचूक जुळते. पण हा 7 ज्या कच्च्या कामात सापडला ते छापलेलेच नसते, आणि नेमके शिकण्यासारखे तेच असते. ते काम शेवटाकडून सुरुवातीकडे चालते.

आपल्याला शेवटी हवे आहे |x² − 9| < ε. हातात असणार आहे फक्त |x − 3| < δ. म्हणून आधी हव्या असलेल्या असमानतेतून हातातली राशी बाहेर काढायची. अवयव पाडले की |x² − 9| = |x − 3|·|x + 3|. पहिला अवयव आपल्या ताब्यात आहे, कारण δ आपणच ठरवणार आहोत. अडचण दुसऱ्याची.

इथे δ = ε/|x + 3| असे लिहून मोकळे व्हायचा मोह होतो. ते चालत नाही. व्याख्येत क्रम ठरलेला आहे: आधी ε मिळतो, मग त्यावरून δ ठरतो, आणि x त्यानंतर येतो. अजून न आलेल्या x वर δ अवलंबून ठेवता येत नाही. कोशीने १८२१ साली सीमेची व्याख्या शब्दांत दिली होती. ‘हव्या त्या प्रत्येक ε साठी असा एक δ’ हा काटेकोर क्रम पुढे वायरश्ट्रासच्या बर्लिनमधल्या व्याख्यानांतून रूढ झाला.

तेव्हा |x + 3| च्या जागी एक ठाम संख्या आणायला हवी. त्यासाठी x ला आधीच 3 च्या आसपास कोंडायचे: δ काहीही निघो, तो 1 पेक्षा मोठा ठेवायचा नाही. मग 2 < x < 4, म्हणून 5 < x + 3 < 7. आता दोन संख्या समोर आहेत, 5 आणि 7. यातली मोठीच घ्यायची, कारण आपल्याला गुणाकार वरून अडवायचा आहे: |x − 3|·|x + 3| ≤ 7|x − 3|. उजवी बाजू ε पेक्षा लहान ठेवली की डावी आपोआप तशी होते. त्यासाठी |x − 3| < ε/7 पुरे.

5 घेतला तर काय बिघडते ते करून पाहा. ε = 1 असताना δ = 0.2 येतो. x = 3.19 हा त्या टप्प्यात बसतो, पण त्याचा वर्ग 10.1761. फरक 1 च्या पुढे गेला, सिद्धता कोसळली.

min मधला 1 सुद्धा शोभेचा नाही. ε = 14 धरा. नुसत्या ε/7 ने δ = 2 येतो; x = 4.9 घेतला तर वर्ग 24.01, फरक 15.01. कारण 7 ही मर्यादा x < 4 असतानाच खरी होती. दोन्ही अटी एकदम पाळायच्या, म्हणून दोन्हींतली लहान संख्या.

सिद्धता लिहिताना दिशा उलटवायला विसरू नये. |x² − 9| < ε पासून सुरुवात करून |x − 3| < δ पर्यंत पोहोचलेली उत्तरे पुष्कळ दिसतात. जे सिद्ध करायचे तेच त्यांत गृहीत धरलेले असते. बरोबर मांडणी अशी: 0 < |x − 3| < δ असे धरा; δ ≤ 1 म्हणून |x + 3| < 7; δ ≤ ε/7 म्हणून |x² − 9| < 7·(ε/7) = ε. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवरून निघाली पाहिजे.

हा δ सर्वांत मोठा नाही. ε = 0.7 असताना आपला δ = 0.1, आणि प्रत्यक्षात 0.114 ही चालला असता. त्याने काही बिघडत नाही, कारण व्याख्येला एक चालणारा δ हवा आहे. एक सापडला की त्याहून लहान सगळेच चालतात.

कोंडण्याची संख्या मात्र दरवेळी 1 नसते. x हा 1/2 कडे जाताना 1/x ची सीमा 2 आहे हे दाखवायचे असेल, तर |1/x − 2| = 2·|x − 1/2|/|x|. त्रास देतो तो छेद. δ ≤ 1 एवढेच ठेवले तर x शून्यावरच येऊ शकतो. δ ≤ 1/2 घेतले तरी x शून्याच्या हवा तितका जवळ जातो आणि 1/|x| ला वरून कोणतीच मर्यादा मिळत नाही. म्हणून शून्यापासून अंतर राखायचे: δ ≤ 1/4 घेतला की x > 1/4, म्हणजे 1/|x| < 4. मग सगळी राशी 8|x − 1/2| च्या आत राहते, आणि δ = min(1/4, ε/8).