तास-मिनिटं आणि दशांश तास: फुल अँड फायनलचा हिशेब कुठे फसतो

नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाच्या शेवटच्या हिशेबात वाद कशावर होतात? नोटीस पीरियडवर, कपातींवर, बोनसवर. तासांच्या बेरजेकडे कुणी फिरकत नाही, कारण ती शीटने केलेली असते आणि शीट चुकत नाही असा सगळ्यांचा समज असतो. शीट बेरीज बरोबरच करते. आपण तिला काय बेरीज करायला दिलं आणि आलेलं उत्तर कुठल्या एककात वाचलं, इथे घोळ होतो. तोच घोळ मी पुन्हा पुन्हा बघतो, म्हणून एकदा नीट मांडतो.

तास-मिनिटं सगळ्यांना कळतात. घड्याळात दिसतात, हजेरीपटावर असतात, साठ मिनिटं झाली की एक तास पुढे जातो. यावर वेळ घालवत नाही. दशांश तासात मात्र टिंबानंतरचा आकडा मिनिटांचा नसतो, तो तासाचा शंभरावा भाग असतो. पाऊण तास म्हणजे ०.७५, वीस मिनिटं म्हणजे ०.३३, सहा मिनिटं म्हणजे ०.१०. पैशांचा हिशेब या दुसऱ्या रूपातच होतो, कारण ताशी दराने गुणायचं तर एक सरळ संख्या लागते.

इथवर वाचून ‘हे तर माहीत आहे’ असं वाटेल. पण मग हजेरीपटात पावणेआठ तास ‘७.४५’ असे का लिहिले जातात? टिंब देऊन मिनिटं लिहिण्याची ही सवय मला अजिबात मान्य नाही. कागदावर ती चालून जायची, कारण बेरीज करणाऱ्याला माहीत असायचं की साठला हातचा घ्यायचा. शीटला ते कळायचा काही मार्ग नाही. ती शंभराला हातचा घेते.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. एका कर्मचाऱ्याच्या पाच शिफ्टचे पैसे द्यायचे राहिले आहेत: ७ तास ४५ मिनिटं, ८ तास ५०, ९ तास २०, ६ तास ३५ आणि ८ तास १०. ताशी दर २४० धरू, चलन कुठलंही असो. हाताने बेरीज केली तर तास होतात ३८ आणि मिनिटं १६०. १६० मिनिटं म्हणजे २ तास ४० मिनिटं. एकूण ४० तास ४० मिनिटं, दशांशात ४०.६७. देणं ९,७६०.

आता हेच आकडे टिंब देऊन, म्हणजे ७.४५, ८.५०, ९.२०, ६.३५, ८.१० असे भरले की बेरीज येते ३९.६० आणि रक्कम ९,५०४. कर्मचाऱ्याचे २५६ गेले. चूक दिसतही नाही, कारण ३९.६० हा आकडा अगदी खरा वाटतो. टिंब देऊन मिनिटं लिहिली की चूक नेहमी कर्मचाऱ्याच्या विरुद्धच जाते. ४५ मिनिटं म्हणजे पाऊण तास, पण त्याचे ०.४५ धरले जातात. मिनिटं कितीही असोत, शंभराने भागलेला आकडा साठाने भागलेल्यापेक्षा लहानच असणार.

शीट दुसऱ्याने भरलेली असेल तर ओळखायचं कसं? टिंबानंतरचे आकडे वरून खाली वाचत जा. पूर्ण महिन्याच्या रकान्यात एकदाही ५९ च्या पुढचा आकडा दिसला नाही, तर ती मिनिटं आहेत असं समजायला हरकत नाही. कुठे ०.७५ किंवा ०.८३ दिसलं तर ते दशांश तास. दोन्ही प्रकार एकाच रकान्यात मिसळलेले असतील तर अंदाज करत बसू नये, मूळ हजेरीपट मागवावा. ८.५० म्हणजे साडेआठ की आठ तास पन्नास मिनिटं, हे शीटकडे बघून कुणालाच सांगता येणार नाही. रकाना सगळा टिंब-मिनिटांचाच आहे अशी खात्री झाली, तर तो असा बदलता येतो:

```
=INT(A2)+ROUND(MOD(A2,1)*100,0)/60
```

यातून ७.४५ चे ७.७५ होतात. बदललेले आकडे वेगळ्या रकान्यात ठेवावेत. मूळ आकड्यांवर फिरवू नयेत, नाहीतर पुढच्या तपासणाऱ्याला मूळ नोंद सापडत नाही.

मग टिंब सोडून विसर्गासारख्या दोन टिंबांनी `7:45` असं भरलं की प्रश्न सुटला का? अर्धाच. लोक खरे अडखळतात ते इथे, म्हणून इथे जरा थांबतो.

`7:45` भरलं की शीट ते तास म्हणून साठवत नाही, दिवसाचा भाग म्हणून साठवते. शीटसाठी १ म्हणजे चोवीस तासांचा पूर्ण दिवस. त्यामुळे पावणेआठ तास आत ०.३२२९ असे बसलेले असतात आणि वर दिसतं ते फक्त रूप. यातून दोन वेगवेगळे घोळ होतात.

पहिला दिसण्याचा. आपल्या पाच शिफ्टची बेरीज `h:mm` रूपात १६:४० दिसते. हे रूप घड्याळाचं आहे, चोवीस झाले की ते पुन्हा शून्यापासून मोजतं. आतली बेरीज ४० तास ४० मिनिटांचीच आहे, चोवीस तास फक्त दिसत नाहीत. कुणी १६:४० बघून हाताने पैसे काढले तर ४,००० येतात, निम्म्याहूनही कमी. सेलचं रूप `[h]:mm` केलं की ४०:४० दिसतं. चौकोनी कंसाचं काम एवढंच: तासांना चोवीसवर तोडू नको. तासांची बेरीज असलेल्या प्रत्येक सेलला हे रूप असलंच पाहिजे.

दुसरा गुणाकाराचा. ४०:४० दिसतंय म्हणून त्याला सरळ २४० ने गुणलं की उत्तर येतं ४०६.६७, कारण शीटने १.६९४४ दिवसांना गुणलं. बरोबर उत्तराच्या चोविसाव्या हिश्श्याएवढी रक्कम दिसली की हीच चूक आहे हे पक्कं समजावं. त्यासाठी आधी दिवसांचे तास करायचे:

```
=SUM(B2:B6)*24*240
```

आणि या सेलचं रूप साध्या संख्येचं ठेवायचं, वेळेचं नाही. ही चूक निदान डोळ्यात भरते, म्हणून मी तिला कमी घाबरतो. खरी धोक्याची ती ३९.६० वाली.

दशांश करताना प्रत्येक ओळ दोन स्थळांपर्यंत गोल करू नये. या पाच शिफ्ट तशा गोल केल्या तर बेरीज ४०.६६ होते. इथे फरक किरकोळ आहे, पण गोल करायचंच तर शेवटच्या रकमेला, एकदाच.

आता रजा. शिल्लक रजा दिवसांतच लिहिलेली असेल, जसं साडेसात दिवस, तर अडचण नाही. अर्धा दिवस म्हणजे ०.५ हे सगळ्यांना कळतं. पण जिथे दोन-तीन तासांचीही रजा घेता येते तिथे शिल्लक तासांत ठेवलेली असते आणि तिचे दिवस करताना वरचाच चोवीसचा घोळ वेगळ्या रूपात येतो.

समजा शिल्लक ६१ तास ३० मिनिटं आहे. शीटमध्ये `61:30` आहे. कुणीतरी सेलचं रूप संख्येचं करतं आणि २.५६ दिसतात. ‘अडीच दिवस रजा उरली’ असं सेटलमेंटमध्ये लिहिलं जातं. आकडा खोटा नाही, तो चोवीस तासांच्या दिवसांचा आहे. रजेचा दिवस म्हणजे कामाचा दिवस. दिवस आठ तासांचा असेल तर ६१.५ भागिले ८, म्हणजे ७.६८७५ दिवस. हेही ‘सात दिवस आणि ६९ मिनिटं’ असं वाचणारे आहेत. ०.६८७५ दिवस म्हणजे साडेपाच तास.

आणि हा आठ आकडा कुठून आणायचा? करारातून. ऑफिसात आत-बाहेर जाण्याच्या वेळेतून नाही. माणूस नऊ तास आत असतो, त्यातला एक तास सुट्टीचा, पैसे आठ तासांचे. रजेच्या तासांना नऊने भागलं तर दिवस होतात ६.८३. दिवसाचा दर मात्र आठ तासांवरून काढलेला, २४० गुणिले ८, म्हणजे १,९२०. गुणाकार केला की १३,१२०. बरोबर रक्कम आहे १४,७६०. भागताना एक दिवस आणि गुणताना दुसरा दिवस वापरला की हे होणारच. म्हणून शिल्लक तासांत असेल तर तिचे दिवस करूच नयेत असं माझं ठाम मत आहे. ६१.५ गुणिले २४०, १४,७६०, काम झालं. दिवस दाखवायचेच असतील तर शेजारी माहितीसाठी दाखवा, पैसे त्यांच्यावरून काढू नका.

मासिक पगारातून दिवसाचा दर काढताना महिन्याचे सगळे दिवस धरायचे की फक्त कामाचे, हे करारात किंवा तिथल्या कायद्यात ठरलेलं असतं. जे ठरलं असेल ते घ्यावं. एकच बघावं: रजेचे दिवस मोजताना साप्ताहिक सुट्ट्या वगळल्या असतील आणि दर मात्र महिन्याच्या सगळ्या दिवसांनी भागून काढला असेल, तर दर कमी पडतो. असा मेळ दिसला तर तो खरंच तसा लिहिलेला आहे का, हे विचारावं.

सेटलमेंटचा कागद हातात आला की मी तीन गोष्टी मागतो: शिफ्टनिहाय तास, एकूण तास दशांशात, आणि शिल्लक रजा कोणत्या तारखेची आहे ती तारीख. तिसरी बरेचदा राहते. सिस्टिममध्ये रजा महिन्याच्या पहिल्या तारखेला जमा होत असेल आणि माणूस वीस तारखेला जात असेल, तर कधी त्या वीस दिवसांची रजा जमाच झालेली नसते, कधी पूर्ण महिन्याची आधीच जमा झालेली असते. शिल्लक शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत आणून मगच तिला दराने गुणावं.