हेजिंग धोरणाचे प्रस्तावपत्र

कंपनीच्या वित्त व्यवस्थापकाने संचालक मंडळाला लिहिलेले हे औपचारिक पत्र असते. परकीय चलनाच्या किंवा कच्च्या मालाच्या भावातील चढउतारांपासून कंपनीने किती संरक्षण, म्हणजे हेज, घ्यायचे, ते कोणी घ्यायचे आणि कोणाच्या मंजुरीने, हे लेखी ठरवून द्यावे अशी मागणी त्यात असते. पत्रासोबत धोरणाचा मसुदा आणि ठरावाचा नमुना जोडतात. कंपनी कायदा २०१३ नुसार मंडळाच्या बैठकीची सूचना किमान सात दिवस आधी द्यावी लागते. त्या सूचनेसोबतच कंपनी सचिवामार्फत पत्र गेले, तर संचालकांना आकडे तपासायला वेळ मिळतो.

मराठवाड्यात अशा पत्राची गरज प्रामुख्याने छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींत भासते. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची साखळी उभी राहिली. त्यातले काही पुरवठादार पुढे युरोपला माल पाठवू लागले. यातल्या अनेक कंपन्या घरच्या आहेत. युरोचा फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या तारखेला येणारे युरो आजच ठरलेल्या दराने विकण्याचा बँकेशी करार, बुक करायचा की थांबायचे, हे व्यवस्थापकीय संचालकांना फोन करून विचारले जाते आणि तोंडी होकारावर सौदा होतो. भाव अनुकूल असेपर्यंत ही पद्धत खटकत नाही. भाव उलटला की ‘तेव्हा बुक का केले?’ किंवा ‘का केले नाही?’ हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर द्यायला कागद नसतो.

पत्राचा गाभा मर्यादेच्या आकड्यात असतो. ‘निर्यातीच्या ६० टक्के हेज करावे’ एवढेच लिहिलेले पत्र कच्चे समजावे, कारण ६० का आणि ४० का नाही, हे त्यातून कळत नाही. आकडा नफ्यापासून मागे येत काढावा लागतो. समजा, वाळूजची एक कंपनी जर्मनीला दरमहा ५ लाख युरोचे भाग पाठवते आणि १ लाख युरोचे विशेष पोलाद व टूलिंग आयात करते. निव्वळ जोखीम महिन्याला ४ लाख, म्हणजे वर्षाला ४८ लाख युरो. आयातीचा भाग आपोआप वजा होतो, म्हणून एकूण निर्यातीवर हेज घेणे ही पहिलीच चूक ठरते. मालाचे दर ठरवताना युरो ९० रुपये धरला होता. तो ५ रुपयांनी घसरला आणि काहीच हेज केलेले नसले, तर २ कोटी ४० लाखांचा फटका बसेल. आता मंडळाने सांगायचे की वर्षभरात चलनापायी किती नफा गेला तर चालेल. ते १ कोटी म्हणाले, तर उघडी, म्हणजे हेज न केलेली, जोखीम २० लाख युरोपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

ही मर्यादा मग महिन्यांवर वाटतात. पहिल्या तीन महिन्यांसाठी किमान ८० टक्के, पुढच्या तीनसाठी ६० आणि उरलेल्या सहा महिन्यांसाठी ५० टक्के, असे धरू. हेज केलेली रक्कम अनुक्रमे ९.६, ७.२ आणि १२ लाख, मिळून २८.८ लाख युरो होते. उघडे राहतात १९.२ लाख, आणि ५ रुपयांच्या घसरणीत तोटा ९६ लाखांवर थांबतो. हे गणित पत्रातच मांडलेले असावे, म्हणजे संचालक टक्केवारीऐवजी १ कोटीच्या आकड्यावर चर्चा करतात, आणि तो निर्णय खरोखर त्यांचाच आहे.

किमान मर्यादेइतकीच कमाल मर्यादाही महत्त्वाची असते, पण बहुतेक मसुद्यांत ती सुटते. वाहन उद्योगात ग्राहक वर्षभराचे वेळापत्रक देतो, पण त्यातले जवळचे काही आठवडेच पक्के असतात. पुढचा आकडा अंदाजाचा असतो. एखाद्या महिन्याचे पूर्ण ४ लाख युरो फॉरवर्डने विकून ठेवले आणि ग्राहकाने उचल कमी केल्याने निव्वळ अडीच लाखच आले, तर दीड लाखाचा सौदा रद्द करावा लागतो. तोवर युरो कराराच्या दरापेक्षा ४ रुपयांनी वर गेला असेल, तर ६ लाख रुपये बँकेला द्यावे लागतात, तेही माल न विकता. दूरच्या महिन्यांची कमाल मर्यादा ६५ टक्के असती, तर २.६ लाखच विकलेले असते आणि तोटा ४० हजारांवर भागला असता. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांत पक्की आणि अपेक्षित जोखीम वेगळी धरली आहे. अपेक्षित जोखमीवरच्या करारांचा निव्वळ नफा प्रत्यक्ष पैसे येतील तेव्हाच ग्राहकाला मिळतो. म्हणून धोरणातही हे दोन गट वेगळे दाखवणे उत्तम.

मंजुरीच्या पायऱ्यांत एक तत्त्व सोडता येत नाही: सौदा करणारा आणि सौदा तपासणारा एकच माणूस नसावा. वित्त व्यवस्थापक दोन-तीन बँकांकडून दर घेऊन किमान आणि कमाल मर्यादेच्या पट्ट्याच्या आत सौदा करतो. एका दिवसात ठरावीक रकमेपुढे जायचे असेल, तर व्यवस्थापकीय संचालकांची लेखी संमती लागते. पट्ट्याबाहेर जायचे, करार मुदतीआधी रद्द करायचा किंवा साध्या फॉरवर्डव्यतिरिक्त काही घ्यायचे, तर प्रकरण मंडळाकडे जाते. बँकेचे पुष्टीपत्र मात्र थेट लेखा विभागातल्या दुसऱ्या व्यक्तीकडे यावे आणि तिने ते नोंदवहीशी जुळवावे. सौदा करण्याचा अधिकार कोणाला, ही नावे ठरावाद्वारे बँकेला कळवतात.

‘साध्या फॉरवर्डव्यतिरिक्त’ या शब्दांमागे कटू अनुभव आहे. जानेवारी २००८ मध्ये डॉलर ३९ रुपयांच्या आसपास होता, मार्च २००९ मध्ये तो ५० च्या वर गेला. त्या काळात तिरुपूरसह अनेक ठिकाणच्या निर्यातदारांना चलनाच्या भावावर बेतलेल्या गुंतागुंतीच्या डेरिव्हेटिव्ह करारांत मोठे तोटे झाले आणि वाद न्यायालयांत गेले. ज्या कराराचा सर्वांत वाईट परिणाम व्यवस्थापकाला एका पानावर मांडता येत नाही, तो करार मंडळाने मंजूर करू नये.

पत्रातले एक वाक्य फार नेमके लिहावे लागते. ‘फॉरवर्डचा दर देय दिवशीच्या बाजारभावापेक्षा कमी ठरल्यास ते अपयश मानू नये; मिळालेल्या सरासरी दराची तुलना मालाचे दर ठरवताना धरलेल्या दराशी करावी.’ हे मान्य झाले नाही, तर व्यवस्थापक पुढच्या वेळी भाव वर जाण्याची वाट पाहत किमान मर्यादेखाली राहील, आणि तिथून सट्टा सुरू होतो. धोरण वाकतेय हे मासिक अहवालातून कळते: करार वारंवार रद्द करून पुन्हा बुक होतात, मुदती पुढे ढकलल्या जातात, किंवा हेजची रक्कम त्या महिन्याच्या निव्वळ आवकीहून मोठी दिसते.

लातूरच्या सोयाबीन तेल कारखान्यांना हे पत्र जसेच्या तसे वापरता येत नाही. बाजार नियामक सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन आणि सोयातेलासह काही शेतमालांच्या वायद्यांवर बंदी घातली आणि पुढे ती वेळोवेळी वाढवली. वायदाच नसेल तर हेजची टक्केवारी ठरवून उपयोग नाही. तिथे व्यवस्थापकाने मर्यादा साठ्यावर मागावी: विक्रीचा सौदा न झालेले सोयाबीन, तेल आणि पेंड मिळून किती टनांपर्यंत ठेवायचे, आणि त्यापुढची खरेदी कोणाच्या सहीने व्हायची.