वादळाची उजवी बाजू

उत्तर गोलार्धातले चक्रीवादळ ज्या दिशेने सरकते, त्या दिशेला तोंड करून उभे राहिल्यास आपल्या उजव्या हाताला येणारा वादळाचा अर्धा भाग डाव्या भागापेक्षा अधिक घातक असतो. दक्षिण गोलार्धात हे नेमके उलट होते. खोल समुद्रातल्या जहाजाने वादळ कसे चुकवायचे आणि किनाऱ्यावर पाणी कुठे चढणार, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर बरेचसे या एका गोष्टीत आहे.

वादळाला ऊर्जा मिळते ती पाण्याच्या वाफेतून. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण 26.5 अंश सेल्सिअसच्या वर असावे लागते आणि ही ऊब निदान 50 मीटर खोलीपर्यंत गेलेली असावी लागते. ऊब वरवरची असेल, तर वारा समुद्र घुसळून खालचे थंड पाणी वर आणतो आणि वादळ आपलीच चूल विझवून टाकते. खोलवर उबदार असलेल्या पाण्यातून मात्र वाफ उठत राहते, वर जाऊन तिचे ढग होताना उष्णता मोकळी होते, हवा तापून हलकी होते, खालचा दाब उतरतो आणि आणखी दमट हवा आत खेचली जाते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ही हवा सरळ केंद्राकडे न जाता वळते व भोवऱ्यासारखी फिरू लागते. विषुववृत्तापासून सुमारे 5 अंशांच्या आत हा वळवणारा परिणाम फारच क्षीण असल्याने तिथे चक्रीवादळे क्वचितच जन्मतात.

उत्तर गोलार्धात हा भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. समजा, वाऱ्याचा वेग 60 नॉट आहे आणि सबंध वादळ 12 नॉट वेगाने पुढे सरकते आहे. उजवीकडे दोन्ही गती एकाच दिशेच्या असल्याने वारा 72 नॉटच्या जवळ जातो, तर डावीकडे तो 48 पर्यंत उतरतो. प्रत्यक्षातला फरक इतका काटेकोर नसतो, पण कल यायला हा हिशेब पुरतो. शिवाय उजवीकडच्या लाटा वादळाबरोबरच धावत असल्याने त्यांना वाऱ्याचा रेटा अधिक वेळ मिळतो. आणखी एक बाब म्हणजे या भागाच्या पुढच्या बाजूचा वारा जहाजाला वादळाच्या मार्गाकडे ढकलतो, डावीकडचा वारा मार्गापासून दूर नेतो. डाव्या भागाला नाविक ‘सुकर अर्धवर्तुळ’ म्हणतात. हे नाव फसवे आहे, कारण तिथेही जहाज बुडू शकते.

आपण कोणत्या भागात आहोत, हे जहाजावरूनही ओळखता येते. वाऱ्याकडे तोंड केल्यास वादळाचे केंद्र उजवीकडे, किंचित मागे असते. त्यानंतर जहाज जवळपास थांबवून वाऱ्यावर नजर ठेवायची, कारण चालत्या जहाजावर त्याची स्वतःची गती वाऱ्यात मिसळते. वाऱ्याची दिशा काट्यांच्या दिशेने बदलत गेली तर जहाज उजव्या, घातक भागात आहे; उलट बदलली तर डाव्या भागात. दिशा तीच राहून वातभारमापकाचा आकडा उतरत असेल, तर वादळ सरळ अंगावर येत आहे. मात्र उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो व उतरतो, त्यामुळे त्या वेळेच्या नेहमीच्या दाबाशी तुलना केल्याखेरीज उतार खरा मानता येत नाही. ती तूट 5 हेक्टोपास्कलपर्यंत गेली की वादळ जवळ आहे असे धरतात.

अर्थात तोवर थांबणे म्हणजे उशीर करणे. म्हणून आज अंदाजाच्या आधारे मार्ग आधीच वळवतात आणि अंदाजातली चूकही हिशेबात धरतात. ‘1-2-3 नियम’ त्यासाठीच आहे. 34 नॉटचा वारा केंद्रापासून जिथवर पोहोचणार असेल, त्या अंतरात 24 तासांच्या अंदाजासाठी 100, 48 तासांसाठी 200 आणि 72 तासांसाठी 300 सागरी मैल मिळवायचे. हा वारा 120 मैलांपर्यंत असेल, तर परवाच्या अंदाजित केंद्राभोवती 320 मैलांच्या वर्तुळात शिरायचे नाही. शक्य तोवर वादळाच्या पुढून वाट कापण्याऐवजी वेग कमी करून त्याच्या मागून जाणे बरे, कारण वादळाने अचानक वेग घेतला तर पुढून जाणाऱ्याचे गणित कोसळते.

किनाऱ्यावरही पाणी सर्वाधिक चढते ते उत्तर गोलार्धात केंद्राच्या उजवीकडेच, कारण तिथला वारा समुद्राकडून जमिनीकडे असतो. दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र सुमारे 1 सेंटिमीटरने फुगतो, म्हणजे 50 हेक्टोपास्कलच्या तुटीनेही अर्धाच मीटर. उरलेली सगळी वाढ वाऱ्याने लोटलेल्या पाण्याची. खोल समुद्रात लोटलेले पाणी खालून परत फिरते. उथळ तळावर त्याला परतायला जागाच नसते. बंगालच्या उपसागराचा उत्तर भाग उथळ आणि नरसाळ्यासारखा निमुळता आहे, आणि नोव्हेंबर 1970 मध्ये तिथे आलेल्या अशाच उधाणात लाखो माणसे दगावली.

म्हणूनच भर समुद्रातल्या जहाजाला हे उधाण जाणवतही नाही, पण धक्क्याला बांधलेले जहाज पाण्याबरोबर वर चढते, दोर ताणून तुटतात आणि ते धक्क्यावर आदळते. वादळाच्या कितीतरी आधी लांबवरच्या लाटा बंदराच्या तोंडाशी पोहोचून बाहेरची वाट अवघड करतात, तेव्हा जहाजे बाहेर काढायची असतील तर आभाळ निरभ्र असतानाच काढावी लागतात.