पायचीत: आधी टप्पा बघा

क्रिकेट नव्याने बघणाऱ्याला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारा प्रकार म्हणजे पायचीत. चेंडू पॅडवर आदळतो, सगळे खेळाडू ओरडतात आणि पंच कधी बोट वर करतात, कधी मान हलवतात. दोन्ही वेळा चेंडू सारखाच लागलेला दिसतो, मग फरक कशाचा?

मुळात कल्पना सोपी आहे. यष्टीवर जाणारा चेंडू बॅटने अडवायचा, अंगाने नाही. फलंदाज मुद्दाम पाय आडवा घालून बाद होणं टाळू लागले, म्हणून 1774 च्या नियमांत याची तरतूद आली. नावात पाय असला तरी शरीराचा कुठलाही भाग चालतो. 1999 मध्ये ॲडलेडला ग्लेन मॅकग्राचा चेंडू उसळेल म्हणून सचिन तेंडुलकर खाली वाकला. चेंडू खालीच राहिला, खांद्याजवळ लागला आणि पंच डॅरिल हार्पर यांनी त्याला पायचीत दिलं. तो निर्णय बरोबर की चूक, हा वाद अजून चालू आहे.

नवखा प्रेक्षक फक्त एवढंच बघतो की चेंडू यष्टीला लागला असता का. पंचांच्या मनात तो प्रश्न शेवटी येतो. चेंडू आधी बॅटला लागलेला नाही आणि नो-बॉल नाही, हे गृहीत धरलं, तर पहिला प्रश्न असतो टप्पा कुठे पडला.

फलंदाज आडवा उभा राहतो. त्याच्या छातीसमोरची बाजू ऑफ, पाठीमागची लेग. डावखुऱ्यासाठी या बाजू उलट होतात. टप्पा लेग यष्टीच्या बाहेर पडला असेल, तर विषय तिथेच संपतो. चेंडू वळून मधल्या यष्टीवर जाणार असला, तरी फलंदाज पायचीत होत नाही. कारण पाठीमागे पडून आत येणारा चेंडू त्याला नीट दिसत नाही आणि खेळताही येत नाही. गोलंदाजांनी सतत तिथेच मारा केला, तर खेळ रटाळ होईल. मला हा नियमातला सगळ्यात न्याय्य भाग वाटतो.

ऑफ बाजूला एवढी सूट नाही. पूर्वी टप्पा यष्टींच्या रेषेतच पडावा लागायचा, त्यामुळे ऑफच्या बाहेरून आत येणारे चेंडू फलंदाज बिनधास्त पॅडने अडवायचे. 1930 च्या दशकात ती पळवाट बंद झाली. मात्र ऑफच्या बाहेर टप्पा पडला, तरी चेंडू शरीराला लागतो ती जागा यष्टींच्या रेषेत असावी लागते. फलंदाजाने फटका मारायचा खरा प्रयत्नच केला नसेल, तर ऑफच्या बाहेर लागलेला चेंडूही चालतो.

आता येतो शेवटचा प्रश्न, आणि तिथे अंदाज लागतो. तीन यष्टींची मिळून रुंदी जेमतेम 23 सेंटिमीटर. फलंदाज पुढे पाऊल टाकून खेळला, तर पॅड यष्टींपासून दोन-अडीच मीटर दूर असतो. एवढ्या अंतरात दिशा एका अंशाने चुकली, तरी चेंडू सुमारे चार सेंटिमीटर बाजूला जातो, म्हणजे चेंडूच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त. संघाने रिव्ह्यू घेतला, म्हणजे पंचाच्या निर्णयाला आव्हान दिलं, की कॅमेरे चेंडूचा मार्ग मोजून पुढचा काढतात, पण टप्प्यानंतर लगेच चेंडू पॅडला लागला, तर त्यांच्याकडेही थोडीच माहिती असते. म्हणून यष्टीला चेंडूचा निम्म्याहून कमी भाग लागतो असं दिसलं, की मैदानावरच्या पंचाचाच निर्णय कायम राहतो. त्याला ‘अंपायर्स कॉल’ म्हणतात.

ऑगस्ट 2019, लीड्सचं हेडिंग्ले मैदान. ऑस्ट्रेलियाविरुद्ध इंग्लंडसमोर 359 धावांचं लक्ष्य होतं आणि शेवटची जोडी खेळत होती. पॅट कमिन्सचा एक चेंडू डावखुऱ्या जॅक लीचच्या पॅडवर आदळला. पंचांनी नाबाद दिलं आणि ऑस्ट्रेलियाने आपला उरलेला एकमेव रिव्ह्यू घेतला. टप्पा लेगच्या बाहेर निघाला. पुढे चेंडू कुठे गेला असता, याला अर्थच उरला नाही, आणि रिव्ह्यूही गेला.

थोड्याच वेळाने नॅथन लायनचा चेंडू स्वीप मारायला गेलेल्या बेन स्टोक्सच्या पॅडवर लागला. दोन धावा बाकी होत्या. पंच जोएल विल्सन यांनी नाबाद दिलं. टीव्हीवर दाखवलेल्या मार्गात टप्पा रेषेत होता, पॅडला लागलेली जागा रेषेत होती आणि चेंडू यष्टीवर जात होता. पण दाद मागायला रिव्ह्यूच शिल्लक नव्हता. पुढच्या षटकात लीचने एक धाव काढून बरोबरी साधली, स्टोक्सने चौकार मारला आणि इंग्लंड एका गड्याने जिंकलं.