कार्यशाळेच्या अहवालाची पोस्ट आम्ही कशी करतो

कार्यशाळा झाली की आमच्याकडे मजकूर येतो तो साधारण असा: 'स्प्रेडशीट कार्यशाळा उत्साहात संपन्न झाली. प्रशिक्षकांनी तारखा, सॉर्टिंग, चार्ट, पिव्हट टेबल आदी विषयांवर मार्गदर्शन केले. आभारप्रदर्शनाने सांगता झाली.' दफ्तरी नोंद म्हणून हे ठीक आहे. पण जो आला होता त्याला हे सगळं माहीतच असतं आणि जो आला नव्हता त्याच्या हाती काहीच लागत नाही.

अशा वेळी आम्ही आधी प्रशिक्षकांना फोन करतो आणि विचारतो, 'लोकांनी नेमक्या कोणत्या वेळी वह्या उघडल्या?' सोबत अभिप्रायाचे कागद वाचतो. त्यातून दोनच मुद्दे घेतो. शिकवताना न पाहिलेल्या माणसालाही वाचून लगेच करून बघता येईल, तोच मुद्दा राहतो. वरच्या कार्यशाळेत प्रशिक्षकांचा जीव पिव्हट टेबलवर होता. पण ते दाखवावं लागतं, चार ओळींत उतरत नाही. म्हणून ते गळलं.

उरली ती पोस्ट अशी:

'रकान्यातल्या काही तारखा डावीकडे चिकटल्या आहेत? मांडणी तुम्ही बदलली नसेल, तर संगणक त्यांना तारीख न समजता नुसता मजकूर समजतोय. सॉर्ट केल्यावर क्रम बिघडतो तो बहुधा यामुळेच. दुसरं, ज्या तक्त्याला सॉर्ट लावायचा आहे त्यात सेल मर्ज करू नका. स्प्रेडशीटच्या कार्यशाळेला आला होतात ना? मग तुमच्या कुठल्या फाइलमध्ये यातलं काय सापडलं, ते एका ओळीत लिहा.'

कार्यशाळेचं नाव शेवटाकडे गेलंय, ते मुद्दाम. लांब पोस्टच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच आधी दिसतात. तिथे 'उत्साहात संपन्न' आलं, तर पुढचं कोणी उघडत नाही. आभार मानायचेच असतील, तर शेवटी एक ओळ पुरते.

खरी मेहनत प्रश्नावर असते. 'तुमचे अनुभव जरूर कळवा' म्हटलं की माणूस काय लिहू म्हणून थबकतो. 'कुठल्या फाइलमध्ये सापडलं' याला 'हजेरीपटात' एवढंही उत्तर चालतं. खाली नुसतं 'अभिनंदन' आणि 'खूप छान' जमत असेल, तर प्रश्न सैल आहे असं समजा. पहिलं उत्तर प्रशिक्षकांनीच द्यावं, आपली स्वतःची चूक सांगून. मग बाकीचे मोकळे होतात. फाइलचे फोटो मात्र मागू नका. त्यात इतरांची नावं, फोन नंबर असतात.

आम्हाला पाठवा: तुमचा मूळ अहवाल जसा असेल तसा, अभिप्रायाच्या कागदांचे फोटो आणि प्रशिक्षकांशी दहा मिनिटं बोलायची वेळ. शक्यतो कार्यशाळेच्या दुसऱ्याच दिवशी, कारण आठवड्यानंतर विचारलं तर प्रशिक्षकांनाही फक्त विषयांची यादीच आठवते. एखाद्याचं वाक्य नावासकट वापरायचं असेल, तर त्याला तेवढं आधी विचारून ठेवा.